क्रेडिट कार्डाचे बिनव्याजी दिवस नक्की कुठून कुठपर्यंत मोजायचे?

अनुजा_ठाणे | २० मार्च २०२५, रात्री ९:१०

नमस्कार. पाडव्याला, म्हणजे ३० मार्चला, फ्रिज घ्यायचा आहे. किंमत ३६,००० रुपये. ४०,००० ची एक एफडी १५ मे रोजी मॅच्युअर होते, तेच पैसे फ्रिजला वापरायचे आहेत. तोपर्यंत क्रेडिट कार्डावर घ्यावा असा विचार आहे.

माझ्या कार्डाच्या माहितीपत्रकात '५० दिवसांपर्यंत बिनव्याजी' असं लिहिलंय. ३० मार्चपासून ५० दिवस मोजले तर १९ मे येते. म्हणजे एफडीनंतर चार दिवस हातात राहतात. बिल दर महिन्याच्या १२ तारखेला तयार होतं आणि भरायला २० दिवस मिळतात. माझा हिशोब बरोबर आहे ना?

---

हिशोबी | २० मार्च, रात्री ९:४२

अनुजाताई, हिशोब चुकतोय. बरं झालं खरेदीच्या आधी विचारलंत.

तुम्ही खरेदीच्या दिवसापासून पुढे ५० दिवस मोजताय. कार्डाला तुमची खरेदी कधी झाली याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. ती खरेदी कोणत्या बिलात पडली आणि त्या बिलाची शेवटची तारीख कोणती, एवढंच बघितलं जातं. म्हणून आधी शेवटची तारीख काढायची आणि तिथून मागे खरेदीपर्यंत दिवस मोजायचे.

तुमची १२ तारीख धरून बघा. १३ मार्च ते १२ एप्रिल या काळातली सगळी खरेदी १२ एप्रिलच्या बिलात येणार. त्यात २० दिवस मिळवले की २ मे. पाडव्याचा फ्रिज याच बिलात आहे, म्हणून त्याचे पैसे २ मे पर्यंत पूर्ण भरायचे. ३० मार्च ते २ मे हे ३३ दिवस होतात. १९ मे कुठेच येत नाही.

मग ५० दिवस कोणाला मिळतात? ज्याने १३ मार्चला, म्हणजे बिलाच्या सायकलच्या पहिल्याच दिवशी खरेदी केली त्याला. १२ एप्रिलला केली असेल तर जेमतेम २०. पत्रकातल्या 'पर्यंत' या शब्दात ही सगळी गंमत आहे.

तुमची एफडी १५ मेची आहे. या कार्डावर पाडव्याला फ्रिज घेतला तर १३ दिवस कमी पडतात.

---

सातारचा_मोहन | २० मार्च, रात्री १०:०५

१३ दिवसांनी काय होतंय एवढं? २ मेला मिनिमम ड्यू भरा, लेट फी लागत नाही, आणि उरलेले १५ मेला भरून टाका. १३ दिवसांचं व्याज महिना साडेतीन टक्क्यांनी पाचशेच्या आसपास होईल. शिवाय रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की आकारणी फक्त थकलेल्या रकमेवर करायची, पूर्ण बिलावर नाही. पाडव्याची ऑफर त्यापेक्षा जास्त असेल तर घेऊन टाका.

---

हिशोबी | २० मार्च, रात्री १०:५१

मोहनराव, लेट फीबद्दल तुमचं बरोबर आहे. मिनिमम भरलं की ती लागत नाही, आणि लागली तरी देय तारखेनंतर उरलेल्या रकमेवरच काढायची, पूर्ण बिलावर नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डांविषयीच्या निर्देशांत आहे. पण ते लेट फीचं झालं. व्याजाची गोष्ट वेगळी आहे आणि बहुतेक जण इथेच फसतात.

बिनव्याजी मुदत ही एक सवलत आहे. अट एकच, देय तारखेपर्यंत पूर्ण बिल भरलं पाहिजे. अट मोडली की सवलत शेवटच्या १३ दिवसांपुरती नाही, मागचीसुद्धा जाते. बहुतेक बँकांच्या अटींप्रमाणे व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं. आकडे मांडतो. दर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. मिनिमम ५ टक्के धरू, म्हणजे १,८०० रुपये.

३० मार्च ते २ मे, ३३ दिवस, पूर्ण ३६,००० वर: १,३६७ रुपये.

२ मे ते १५ मे, १३ दिवस, उरलेल्या ३४,२०० वर: ५१२ रुपये.

बेरीज १,८७९. त्यावर १८ टक्के जीएसटी ३३८. एकूण सुमारे २,२१७ रुपये.

तुमच्या मनातले पाचशे म्हणजे यातली फक्त दुसरी ओळ. पहिली ओळ माणसाला दिसतच नाही, कारण ते ३३ दिवस त्याच्या लेखी 'फुकटात' गेलेले असतात.

आणखी एक. समजा २ मेला ताईंनी ३५,००० भरले आणि फक्त १,००० राहिले. तरी पहिल्या ओळीतले १,३६७ जसेच्या तसे लागतात. कमी होते ती फक्त दुसरी ओळ. म्हणून 'बरंचसं भरलंय ना' या समाधानाला इथे किंमत नाही.

---

दुसरी_बाजू | २० मार्च, रात्री ११:२०

हिशोबींचा आकडा बँका लावतात तसाच आहे, त्याबद्दल वाद नाही. मला एवढंच म्हणायचंय की ३५,००० वेळेत भरणाऱ्याला पूर्ण ३६,००० वर मागच्या तारखेपासून व्याज लावणं न्याय्य नाही. लेट फीला 'उरलेल्या रकमेवरच' हे तत्त्व लावलं, तर व्याजाला का नको? ज्याला असं व्याज लागलं असेल त्याने बँकेकडे लेखी तक्रार करावी, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं.

---

हिशोबी | २० मार्च, रात्री ११:३४

तक्रार जरूर करावी. पण फ्रिज घ्यायचा की नाही हे ठरवताना बँक जसं लावते तसंच धरून चालावं. कार्डाबरोबर 'अत्यंत महत्त्वाच्या अटी व शर्ती' असं पत्रक येतं, बँकेच्या साइटवरही असतं. मागच्या महिन्याची बाकी असेल तर बिनव्याजी मुदत थांबते हे त्यात स्पष्ट लिहावं लागतं, आणि उदाहरणंही द्यावी लागतात. त्या उदाहरणात व्याज कोणत्या तारखेपासून मोजलंय ते बघा, तुमची बँक काय करते ते तिथेच कळतं.

---

अनुजा_ठाणे | २१ मार्च, सकाळी ७:५५

बापरे. २,२१७ मध्ये तर स्टॅबिलायझर येईल.

मग १३ एप्रिलला घेतला तर? पाडव्याची ऑफर जाईल, पण तोवर दुकानदार तीच किंमत देईन म्हणतोय, फक्त घासाघीस करावी लागेल.

---

हिशोबी | २१ मार्च, सकाळी ८:३०

१३ एप्रिलला घेतला तर तो १२ मेच्या बिलात पडतो आणि शेवटची तारीख १ जून येते. म्हणजे ४९ दिवस. एफडी १५ मेला, बिल १ जूनला. आरामात बसतं.

---

नाशिककर_वैद्य | २१ मार्च, सकाळी ९:१२

१३ मार्चला ५० दिवस म्हणालात आणि १३ एप्रिलला ४९. एक दिवस कुठे गेला? बँक २० ऐवजी १९ दिवस देते का?

---

हिशोबी | २१ मार्च, सकाळी ९:४०

नाही, २० दिवस कायम आहेत. फरक महिन्याच्या लांबीचा. मार्च ३१ दिवसांचा, म्हणून १३ मार्च ते १२ एप्रिल हे अंतर ३० दिवसांचं. एप्रिल ३० चा, म्हणून १३ एप्रिल ते १२ मे २९ च. त्यात २० मिळवले की ५० आणि ४९. फेब्रुवारीत सगळ्यात वाईट. १३ फेब्रुवारीला केलेल्या खरेदीला यंदा ४७ च दिवस मिळाले, कारण १२ मार्चचं बिल १ एप्रिलला भरायचं आहे.

शेवटची तारीखही हलते. १२ जानेवारीच्या बिलाची १ फेब्रुवारी, पण १२ फेब्रुवारीच्या बिलाची ४ मार्च. 'माझी तारीख दर महिन्याची १' असं पाठ करून ठेवलेल्याला मार्चमध्ये तीन दिवस जास्त मिळतात, त्याचं नुकसान नाही. नुकसान होतं '४ तारीख' पाठ करणाऱ्याचं. म्हणून पाठांतरावर जाऊ नये, दर महिन्याच्या बिलावर छापलेली तारीखच खरी.

---

गार्डन_स्टेट | २१ मार्च, दुपारी १२:२५

आमच्याकडे न्यू जर्सीत तर ड्यू डेट दर महिन्याला एकच असते, हलत नाही, आणि बिल त्याच्या किमान २१ दिवस आधी पाठवावंच लागतं. २००९ च्या कायद्यात आहे. भारतात बहुधा तसंच असेल, ॲपमध्ये नीट बघा.

---

हिशोबी | २१ मार्च, दुपारी १:०२

तुमच्याकडचं बरोबर आहे, पण तो अमेरिकेचा कायदा. तिथे देय तारीख स्थिर राहते आणि बिल बनण्याची तारीख हलते. इथे बऱ्याच कार्डांचं उलटं आहे, बिलाची तारीख स्थिर आणि देय तारीख हलती. आपल्याकडे व्याज सुरू होण्याआधी बिल भरायला किमान पंधरवडा मिळाला पाहिजे असं आहे. प्रत्यक्षात कुठे १८ दिवस, कुठे २०. त्यामुळे दोन कार्डांची बिल तारीख एकच असली तरी बिनव्याजी दिवस वेगळे येऊ शकतात.

---

एक्सेलवाला | २१ मार्च, दुपारी ३:१८

मी एक सूत्र वापरतो. `A2` मध्ये खरेदीची तारीख टाकायची. १२ च्या जागी आपली बिल तारीख, २० च्या जागी आपले दिवस.

```
=IF(DAY(A2)<=12, DATE(YEAR(A2),MONTH(A2),12), DATE(YEAR(A2),MONTH(A2)+1,12)) + 20 - A2
```

३० मार्च टाकलं की ३३ येतात, १३ एप्रिलला ४९. उत्तराच्या खान्याचा फॉरमॅट नंबर ठेवा, नाहीतर ३३ ऐवजी १९०० सालची २ फेब्रुवारी दिसेल.

---

नाशिककर_वैद्य | २१ मार्च, दुपारी ४:०५

छान. पण मी यात १२ एप्रिल टाकलं तर २० येतात. मागच्या वर्षी माझ्या कार्डावर बिलाच्याच तारखेला रात्री केलेली खरेदी पुढच्या बिलात गेली होती. मग सूत्र चुकलं की बँक?

---

काउंटरच्या_आतून | २१ मार्च, सायंकाळी ६:३०

दोघेही बरोबर. (दुकानांच्या कार्ड मशीनच्या हिशोबाचं काम करतो, म्हणून एवढ्याच मुद्द्यावर लिहितो.)

दुकानात कार्ड टेकवल्यावर मोबाइलवर मेसेज येतो तेव्हा फक्त मंजुरी मिळालेली असते. तुमची मर्यादा तेवढ्याने अडवली जाते, बस. दुकानदाराचं मशीन दिवसाचा हिशोब बंद करून पाठवतं, तो नेटवर्कमार्गे तुमच्या बँकेत पोचतो आणि मग ती रक्कम खात्यावर चढते. याला पोस्टिंग म्हणतात. एखाद दिवस लागतो, मध्ये सुटी आली किंवा दुकानदाराने हिशोब उशिरा बंद केला तर दोन-तीन दिवसही. खरेदी कोणत्या बिलात जाणार हे पोस्टिंगवर ठरतं.

म्हणून १२ एप्रिलला रात्री केलेली खरेदी त्याच दिवशी चढली तर शेवटची तारीख २ मे, दिवस २०. दुसऱ्या दिवशी चढली तर शेवटची तारीख १ जून, दिवस ५०. एकच खरेदी, एकच कार्ड, आणि तीस दिवसांचा फरक. तो तुमच्या हातात नाही.

ऑनलाइन ऑर्डरमध्ये आणखी एक वळण आहे. काही विक्रेते ऑर्डर घेताना फक्त मंजुरी घेतात आणि माल रवाना करताना रक्कम वळती करतात. तेव्हा ऑर्डरची तारीख आणि पोस्टिंगची तारीख यांत आठवडाही जाऊ शकतो. हॉटेलं आणि भाड्याच्या गाड्यांचंही तसंच.

---

हिशोबी | २१ मार्च, सायंकाळी ७:१०

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. यावरून एक सवय लावून घ्यावी. बिल तारखेच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मोठी खरेदी करू नये, आणि केलीच तर २० दिवसच मिळणार असं धरून पैशांची सोय ठेवावी. ५० मिळाले तर आनंद. उलट १३ तारखेची खरेदी निर्धास्त, ती मागच्या बिलात जाऊच शकत नाही.

मात्र एक ध्यानात ठेवा. पूर्ण बिल न भरल्यामुळे व्याज लागलंच, तर ते बऱ्याच बँका पोस्टिंगपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून मोजतात. बिलात दोन्ही तारखा असतील तर दोन्ही बघा.

आणि १२ तारखेचा दिवस स्वतः आत आहे की बाहेर, यावर बँकांत एकवाक्यता नाही. मागची दोन-तीन बिलं उघडून 'स्टेटमेंटचा कालावधी' वाचला की कळतं.

---

कोल्हापूरची_स्मिता | २१ मार्च, रात्री ८:२२

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून किराणा दुकानात क्यूआर स्कॅन करून पैसे देते. त्यालाही ५० दिवस मिळतात का? की ते रोख काढल्यासारखं धरतात? रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं एवढं माहीत आहे.

---

काउंटरच्या_आतून | २१ मार्च, रात्री ८:४५

दुकानदाराला क्यूआरवर दिलेले पैसे ही खरेदीच आहे, बिनव्याजी दिवस इतर खरेदीसारखेच. पण वॉलेटमध्ये पैसे भरणं, भाडं देणाऱ्या ॲपवरून भाडं भरणं, अशा गोष्टींना काही बँका वेगळं शुल्क लावतात. ते व्याज नव्हे, पण फुकटही नव्हे. रोखीबद्दल तुमचं बरोबर. तिथे बिनव्याजी मुदत शून्य दिवसांची, वर काढण्याचं शुल्क वेगळं.

---

अनुजा_ठाणे | २१ मार्च, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. दुकानदार १३ एप्रिलचं नाही म्हणाला. पाडव्याचा साठा संपला की नवीन किमतीने येईल म्हणतो. पण ह्यांचंही एक कार्ड आहे, त्याचं बिल २७ तारखेला होतं, तिथेही २० दिवस. त्यावर घेतला तर?

---

एक्सेलवाला | २१ मार्च, रात्री ९:४१

४८ दिवस. २७ एप्रिलचं बिल, १७ मे शेवटची तारीख. एफडी १५ मेला. अगदी बसलं!

---

सातारचा_मोहन | २१ मार्च, रात्री ९:५०

आणि १७ मे शनिवार आहे. तीन दिवसांची सवड तर असतेच, म्हणजे २० मे पर्यंत चालेल. काळजी नको.

---

हिशोबी | २१ मार्च, रात्री १०:२०

४८ दिवस बरोबर. पाडवा या सायकलच्या तिसऱ्या दिवशी येतो, त्यामुळे पोस्टिंगला दोन दिवस लागले तरी फरक पडत नाही.

तीन दिवसांचं मात्र थांबा. देय तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही आणि 'थकीत' म्हणून क्रेडिट ब्युरोला कळवता येत नाही, असा तो नियम आहे. बिनव्याजी मुदत तीन दिवसांनी वाढते असं त्यात कुठे नाही. काही बँका त्या तीन दिवसांत व्याजही लावत नाहीत, काही लावतात. ३६,००० च्या बिलावर तो जुगार खेळू नये.

शनिवारचाही प्रश्न नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालते. तरी दुसऱ्या बँकेच्या ॲपवरून भरलेले पैसे कार्डावर चढायला कधी एखाद-दोन दिवस जातात. १५ मे गुरुवार आहे. एफडीचे पैसे खात्यात आले की त्याच दिवशी भरून टाका, १७ ची वाट बघू नका.

आता एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. ह्यांच्या त्या कार्डाची मागची बाकी शून्य आहे ना?

---

अनुजा_ठाणे | २१ मार्च, रात्री १०:४४

नाही. २७ फेब्रुवारीचं बिल १४,२०० चं होतं. परवा १९ मार्च ही शेवटची तारीख होती. ह्यांनी १७ ला ८०० मिनिमम भरलं आणि बाकीचे एप्रिलच्या पगारात भरणार होते.

---

हिशोबी | २१ मार्च, रात्री ११:१५

मग ते ४८ दिवस सध्या शून्य आहेत. हे आधी विचारायला हवं होतं.

मागच्या बिलाची बाकी उभी असेपर्यंत त्या कार्डावर बिनव्याजी मुदत बंद असते. नवीन खरेदीलाही. आज त्या कार्डावर दूध घेतलं तरी आजपासून व्याज. फ्रिज ३० मार्चला घेतला, आणि १६ एप्रिलला म्हणजे २७ मार्चच्या बिलाच्या देय तारखेला पुन्हा मिनिममच भरलं, तर फ्रिजवर ३० मार्चपासून १५ मेपर्यंत ४६ दिवस व्याज चालू राहील. ते जवळजवळ १,९०५, वर जीएसटी. म्हणजे तुमच्या स्वतःच्या कार्डापेक्षाही वाईट.

पण अजून वेळ आहे. असं करा.

उरलेले १३,४०० उद्याच भरा, २७ ची वाट बघू नका, कारण व्याज रोज चढतंय. ३० पर्यंत त्या कार्डावर दुसरी काही खरेदी करू नका. २७ मार्चचं बिल आलं की त्यात व्याज दिसेल, कारण फेब्रुवारीतली खरेदी आता पहिल्या दिवसापासून व्याजात आली आहे. मार्चमध्ये काही घेतलं असेल तर तेही. ते बिल आल्या दिवशी पूर्ण भरा. मग ३० ला फ्रिज घ्या. तेव्हा मागचं काहीच उरलेलं नसेल.

फ्रिज घेण्याआधी ग्राहक सेवेला फोन करून एकच विचारा: "आजची खरेदी बिनव्याजी धरली जाईल का?" काही बँका मुदत परत सुरू करताना एका पूर्ण सायकलचा आग्रह धरतात. तसं असेल तर कार्डावर न घेतलेलं बरं.

---

दुसरी_बाजू | २२ मार्च, सकाळी ७:४०

आणि पूर्ण भरल्यानंतरही पुढच्या बिलात थोडंसं व्याज दिसू शकतं. बिल बनल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं. लोक ते चूक समजून भरत नाहीत, आणि मग त्या दोनशे रुपयांची 'बाकी' पुन्हा मुदत बंद करते. ते भरूनच टाकावं, वाद नंतर घालावा.

---

कोल्हापूरची_स्मिता | २२ मार्च, सकाळी ९:०५

वस्तू परत केली तर? समजा बिल आल्यावर ८,००० चा रिफंड आला. तेवढे कमी भरले तर 'पूर्ण भरलं' असं धरतील का?

---

हिशोबी | २२ मार्च, सकाळी ९:५०

देय तारखेच्या आधी आलेला रिफंड त्या न भरलेल्या बिलातूनच लगेच वजा करायचा आणि तुम्हाला कळवायचं, असा नियम आहे. तरी ॲपमध्ये 'भरायची रक्कम' खरोखर ८,००० ने कमी झालेली दिसत असेल तरच कमी भरा. रिफंड 'मिळणार आहे' या भरवशावर कधीच कमी भरू नका. दुकानदाराने पाठवला आणि तुमच्या खात्यावर चढला यात चार-सहा दिवस जातात, आणि तेवढ्यात देय तारीख उलटते. जास्त भरले गेले तर ते पुढच्या बिलात वजा होतात, जात नाहीत.

---

नाशिककर_वैद्य | २२ मार्च, सकाळी ११:३०

एक सुचवतो. घरात दोन कार्डं असतील तर बिल तारखांत पंधरा दिवसांचं अंतर ठेवावं. अनुजाताईंकडे १२ आणि २७ आपोआपच आहे. १३ ते २७ मधली खरेदी पहिल्या कार्डावर, २८ ते १२ मधली दुसऱ्यावर. म्हणजे कायम ३३-३४ ते ५० दिवस मिळतात, ३३ च्या खाली जातच नाही. बिल तारीख बदलून मागता येते, किमान एकदा तरी बँकेला द्यावीच लागते. ॲपमधून किंवा फोनवरून होतं.

---

एक्सेलवाला | २२ मार्च, दुपारी १२:१०

बदलाच्या महिन्यात मात्र एक सायकल लहान किंवा मोठी निघते. मोठी निघाली तर त्या महिन्यात एखाद्या खरेदीला साठ दिवस मिळतील का? माझ्या सूत्रात हे बसत नाही. कोणी अलीकडे बदलली असेल तर मधलं बिल कसं आलं ते सांगा.

---

नाशिककर_वैद्य | २२ मार्च, दुपारी १२:३५

आमच्याकडे लहान निघाली होती, बारा दिवसांचंच बिल. दुसऱ्या बँकेचं माहीत नाही.

---

अनुजा_ठाणे | २९ मार्च, रात्री ८:१५

झालं ते सांगते. १३,४०० त्याच दिवशी, २२ ला भरले. २७ चं बिल ३,११२ चं आलं. त्यात मार्चमधली २,३०० ची खरेदी आणि व्याज व जीएसटी मिळून ८१२. तेही काल भरलं. ॲपमध्ये बाकी शून्य दिसतेय.

ग्राहक सेवेला दोनदा फोन केला. पहिल्या बाईंनी सांगितलं, बाकी शून्य आहे, आजपासून मुदत मिळेल. दुसऱ्यांनी सांगितलं, पुढचं बिल बनेपर्यंत थांबा. लेखी विचारलंय, उत्तर आलेलं नाही.

म्हणून फ्रिज माझ्याच कार्डावर घेतेय, २ मे धरून. एफडी १५ मेच्या ऐवजी एप्रिलच्या शेवटी मोडायची. बँकेने एक टक्का दंड सांगितलाय, म्हणजे वर्षाच्या ठेवीवर चारशेच्या आसपास जातील.

---

हिशोबी | २९ मार्च, रात्री ८:५०

लेखी उत्तर नसताना हाच निर्णय बरोबर. एफडी ३० एप्रिलच्या आत मोडा. १ मे महाराष्ट्र दिनाची सुटी आहे, शाखेत जावं लागलं तर २ तारखेला धावपळ होईल. आणि ते लेखी उत्तर आलं की इथे नक्की टाका, मुदत परत कधी सुरू होते हे त्या बँकेपुरतं तरी कळेल.